निबंधातील ‘गोष्ट’, ‘बाब’ आणि ‘पैलू’ काढून त्यांच्या जागी नेमके नाम कसे आणावे

निबंध तपासताना ‘गोष्ट’ या शब्दाखाली रेघ मारून परत दिला, तर दुसऱ्या खर्ड्यात त्या जागी बहुतेक वेळा ‘बाब’ येते. ‘बाब’ खोडली की ‘पैलू’ येतो, आणि पैलूही चालत नाही असे कळले की ‘घटक’ किंवा ‘आयाम’ येतो. शब्द अधिक भारदस्त होत जातो आणि वाक्य मात्र होते तिथेच राहते, कारण या पाचही शब्दांतून वाचकाला सारखेच कळते : काहीतरी आहे. हा लेख त्या एका चुकीसाठी लिहिला आहे. नेमके नाम समानार्थी शब्दांच्या यादीत सापडत नाही. ते ‘कोणती गोष्ट?’ या प्रश्नाच्या उत्तरात सापडते, आणि ते उत्तर लिहिणाऱ्यालाच द्यावे लागते.

## तयारी

हे काम पहिला खर्डा लिहिताना करू नये. विचार धावत असताना ‘गोष्ट’ हा शब्द जागा धरून ठेवतो आणि लेखणी अडू देत नाही. खर्ड्यात त्याचा तेवढा उपयोग आहे. खर्डा पूर्ण झाल्यावर, शक्य तर एक रात्र मध्ये जाऊ देऊन, त्याची स्वतंत्र प्रत काढावी आणि मूळ प्रत तशीच ठेवावी. दुरुस्तीत एखादे वाक्य बिघडले, तर मुळात काय म्हणायचे होते हे तिथे पाहता येते.

त्यानंतर स्वतःच्या भरतीच्या शब्दांची छोटी यादी करावी. ‘गोष्ट’, ‘बाब’, ‘पैलू’, ‘घटक’, ‘प्रकार’ आणि ‘मुद्दा’ हे सहा शब्द जवळजवळ सर्वांच्या यादीत असतात. त्यांत आपल्या सवयीचे एक-दोन घालावेत. कुणाला ‘स्वरूप’ लागते, कुणाला ‘परिस्थिती’, तर कुणाला ‘वातावरण’. जुने दोन निबंध चाळले की ही सवय लगेच दिसते. यादी दहा शब्दांपेक्षा मोठी करू नये, कारण मग प्रत्येक अमूर्त नाम संशयास्पद वाटू लागते आणि काम भरकटते.

## टप्पा 1 : खुणा करणे

कागदावर लिहिले असेल तर यादीतील प्रत्येक शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढावे. संगणकावर लिहिले असेल तर शोध घ्यावा, पण मराठीत शब्दाचे रूप बदलते हे ध्यानात ठेवावे. ‘गोष्ट’ असे शोधल्यास ‘गोष्टी’, ‘गोष्टींमुळे’ हेही सापडते. ‘मुद्दा’ असे शोधल्यास मात्र ‘मुद्दे’ आणि ‘मुद्द्यांवर’ निसटतात, म्हणून ‘मुद्द’ एवढेच टंकावे. उलट ‘बाब’ शोधताना ‘बाबत’ आणि ‘बाबतीत’ही वर येतात. त्यांतल्या ‘बाबत’ला हात लावण्याचे कारण नाही, पण ‘बाबतीत’कडे जरूर पाहावे : ‘खर्चाच्या बाबतीत काटकसर करावी’ या वाक्यात ‘खर्चात काटकसर करावी’ एवढेच पुरते.

या टप्प्यात काहीही बदलू नये. फक्त खुणा कराव्यात आणि त्या कुठे दाटल्या आहेत ते पाहावे. वर्तुळे सहसा सर्वत्र सारखी पसरलेली नसतात. ती प्रस्तावनेत, परिच्छेदांच्या पहिल्या वाक्यांत आणि समारोपात जमतात, म्हणजे नेमक्या त्याच जागी जिथे काय म्हणायचे हे ठरण्याआधीच वाक्य सुरू झालेले असते.

तपासणी : एकाच परिच्छेदात चार किंवा अधिक वर्तुळे असतील, तर तो परिच्छेद शब्दाशब्दाने दुरुस्त करू नये. तो पुढच्या टप्प्यांतून नेऊन शेवटी नव्याने लिहावा.

## टप्पा 2 : आधी गाळणे

बदली शब्द शोधण्याआधी हा शब्द मुळात हवा आहे का, ते पाहावे. हा क्रम उलटा झाला तर जो शब्द गाळायचा होता त्याच्यासाठीच माणूस नाम शोधत बसतो.

गाळण्याजोग्या जागा ओळखता येतात. पहिली म्हणजे मराठीत अतिशय रुळलेली ‘…ही गोष्ट’ ही रचना. ‘मुले उशिरा झोपतात ही गोष्ट चिंताजनक आहे’ या वाक्यात गोष्टीला स्वतःचे काहीच सांगायचे नाही. ती आधीच्या उपवाक्याला पुढच्या विशेषणाशी जोडते एवढेच. ‘मुलांचे उशिरा झोपणे चिंताजनक आहे’ असे लिहिले की क्रियापदापासून झालेले नाम ते काम करते. दुसरी जागा ‘महत्त्वाची गोष्ट म्हणजे’ ही. ती सरळ काढावी, कारण पुढचे विधान महत्त्वाचे असेल तर ते स्वतःच तसे दिसेल. तिसऱ्या जागी नेमके नाम आधीच हजर असते आणि भरतीचा शब्द त्याला नुसता लटकलेला असतो : ‘गंभीर स्वरूपाचा आजार’ म्हणजे गंभीर आजार, आणि ‘वाचन करण्याची प्रक्रिया’ म्हणजे वाचन.

सावधान : गाळल्यावर वाक्य मोठ्याने वाचावे. ‘म्हणजे’, ‘की’, ‘ही’ असे जोडशब्द मागे लोंबकळत राहिले असतील तर तेही उचलावेत.

## टप्पा 3 : ‘कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिणे

उरलेल्या प्रत्येक वर्तुळाशेजारी समासात प्रश्न विचारावा : कोणती गोष्ट? कोणता पैलू? किती घटक, आणि त्यांची नावे काय? उत्तर नामात देण्याची घाई करू नये. ते बोलण्याच्या भाषेत, पूर्ण वाक्यात लिहावे, कारण नाम शोधणारे मन पुन्हा भारदस्त शब्दाकडे वळते आणि उत्तर देणारे मन घडलेल्या प्रसंगाकडे.

समजा वाक्य असे आहे : ‘गटाने काम करताना काही गोष्टी अडचणीच्या ठरतात.’ कोणत्या गोष्टी? उत्तर असे येते : ‘एक जण काम करतच नाही, पण गुण सर्वांना सारखेच मिळतात. आणि कधी भेटायचे हेच ठरत नाही.’ आता नामे आपोआप पुढे येतात : कामाची विषम वाटणी आणि भेटीची वेळ. वाक्य होते, ‘गटाने काम करताना कामाची विषम वाटणी होते आणि सर्वांना सोयीची भेटीची वेळ ठरत नाही.’ येथे ‘अडचणीच्या ठरतात’ हे शब्दही गळून पडले. नाम नेमके झाले की क्रियापदही बहुधा बदलते, आणि ते बदलू द्यावे.

कधी कधी प्रश्न विचारल्यावर उत्तरच येत नाही. ‘या विषयाचे अनेक पैलू आहेत’ असे लिहिणाऱ्याला पैलू विचारले तर पहिला पटकन सांगता येतो, दुसरा अडखळत येतो आणि तिसरा नसतोच. अशा वेळी शब्द बदलून उपयोग नाही, कारण वाक्यात विचारच नव्हता. जे दोन पैलू खरोखर माहीत आहेत त्यांची नावे लिहून ‘अनेक’ हा शब्द काढावा, किंवा वाक्य पूर्ण रद्द करावे. हा निर्णय जड वाटतो, कारण वाक्य दिसायला चांगले असते. तरी मी प्रत्येक वेळी तोच सल्ला देतो. समासातील कोरी जागा पुष्कळदा या निबंधासाठी आणखी काय वाचायला हवे तेही दाखवते.

तपासणी : समासात लिहिलेल्या उत्तरात पुन्हा यादीतलाच शब्द आला असेल, तर ते उत्तर नव्हे. ‘कोणता घटक?’ – ‘सामाजिक बाबी.’ येथे प्रश्न आणखी एकदा विचारावा.

## टप्पा 4 : ‘या गोष्टीमुळे’ नीट सोडवणे

सर्वांत जास्त चुका या जागी होतात, म्हणून इथे थांबून काम करावे. वाक्याच्या सुरुवातीचा ‘या गोष्टीमुळे’ मागच्या मजकुराकडे बोट दाखवतो, पण नेमके कशाकडे ते सांगत नाही. हा उतारा पाहा :

‘कारखान्याने कामाची वेळ आठ तासांवरून दहा तास केली. जादा तासांचा मोबदला मात्र दिला नाही. या गोष्टीमुळे कामगारांमध्ये असंतोष पसरला.’

असंतोष वाढलेल्या तासांमुळे पसरला, न मिळालेल्या पैशांमुळे, की दोन्हींमुळे? लिहिणाऱ्याला ते ठाऊक असेल, पण वाचकाला तीन वाटा दिसतात. येथे करायची कृती सोपी आहे. ‘या गोष्टी’पासून मागे बाण काढावा आणि तो नेमक्या शब्दांपर्यंत पोहोचवावा. बाण दोन जागी टेकत असेल, तर निवड झालेली नाही. मोबदल्याकडे बोट दाखवायचे असेल तर ‘या बिनमोबदला कामामुळे’ असे लिहिता येते, आणि दोन्हींकडे दाखवायचे असेल तर दोन्ही नावे घ्यावीत.

बाण एकाच जागी टेकला तरी काम संपत नाही, कारण त्या जागेला द्यायचे नाव लिहिणाऱ्याची भूमिका उघड करते. समजा मोबदल्याचे वाक्य उताऱ्यात नाही आणि फक्त तास वाढल्याचेच सांगितले आहे. मग पुढचे वाक्य ‘या वाढीमुळे’, ‘या निर्णयामुळे’, ‘या सक्तीमुळे’ किंवा ‘या अन्यायामुळे’ असे सुरू होऊ शकते. ‘वाढ’ म्हटले की फक्त आठाचे दहा झाले एवढे सांगितले जाते. ‘निर्णय’ म्हटले की तो कुणीतरी घेतला हे पुढे येते आणि वाचक जबाबदाराकडे पाहू लागतो. ‘सक्ती’ म्हणण्यासाठी कामगारांना नकार देता येत नव्हता हे आधी दाखवलेले असले पाहिजे. ‘अन्याय’ हा तर निष्कर्षच आहे, आणि तो ‘मुळे’ जोडून वाटेत टाकून देता येत नाही. त्याला स्वतंत्र वाक्य आणि पुरावा लागतो.

म्हणून येथे दोन्ही बाजूंना चूक होऊ शकते. ‘गोष्ट’ लिहिल्याने भूमिका लपते, आणि तावातावाने निवडलेले नाम न सिद्ध केलेले मत सिद्ध असल्यासारखे आत सरकवते. मागच्या दोन-तीन वाक्यांत जेवढे सांगितले आहे तेवढेच वजन असलेले नाम निवडावे. अशा जागी ‘वाढ’, ‘घट’, ‘विलंब’, ‘टंचाई’, ‘गैरसमज’, ‘मतभेद’, ‘सवलत’, ‘बंदी’ ही साधी नामे फार उपयोगी पडतात, कारण ती घटनेला नाव देतात पण तिच्यावर निकाल देत नाहीत.

तपासणी : नवे नाम घालून झाल्यावर आधीचे वाक्य झाकावे आणि फक्त ‘या विलंबामुळे…’ हे वाक्य वाचावे. मागे साधारण काय सांगितले असेल याचा अंदाज येत असेल तर नाम योग्य आहे.

## टप्पा 5 : किती नेमके, ते ठरवणे

नेमके नाम म्हणजे सर्वांत लहान वस्तूचे नाव नव्हे. हे न कळल्यामुळे काही जण ‘गोष्ट’ सोडून थेट दुसऱ्या टोकाला जातात. ‘झोपण्यापूर्वी मुलांना या गोष्टींपासून दूर ठेवावे’ हे वाक्य घ्या. ‘गोष्टी’च्या जागी ‘वस्तू’ येऊ शकते, ‘उपकरणे’ येऊ शकते, ‘पडदा असलेली उपकरणे’ येऊ शकते किंवा ‘मोबाईल’ येऊ शकतो. यातले योग्य कोणते ते त्या परिच्छेदातला युक्तिवाद ठरवतो. युक्तिवाद पडद्याच्या उजेडाबद्दल असेल तर ‘मोबाईल’ अपुरा आहे, कारण दूरचित्रवाणीलाही पडदा आहे. आणि ‘उपकरणे’ जास्त आहे, कारण पंखाही उपकरणच. युक्तिवाद सतत येणाऱ्या संदेशांबद्दल असेल तर मात्र ‘मोबाईल’ हेच नाम बरोबर बसते.

यासाठी दोन प्रश्न पुरतात. या नावाखाली येणारी अशी एखादी वस्तू आहे का, जिला माझे विधान लागू पडत नाही? असेल तर नाम फार रुंद आहे. माझे विधान लागू पडते, पण या नावाखाली येत नाही, असे काही आहे का? असेल तर नाम फार अरुंद आहे.

## टप्पा 6 : लिंग, वचन आणि सामान्यरूप जुळवणे

मराठीत नाम बदलले की वाक्यात त्याच्यामागे बरेच काही बदलते, आणि घाईत केलेली दुरुस्ती इथेच उघडी पडते. ‘गोष्ट’ आणि ‘बाब’ स्त्रीलिंगी आहेत, तर ‘पैलू’, ‘घटक’, ‘प्रकार’, ‘मुद्दा’ पुल्लिंगी. ‘ही गोष्ट विद्यार्थ्यांना जाणवू लागली आणि ती हळूहळू वाढत गेली’ या वाक्यात ‘ताण’ घातला तर ‘हा ताण विद्यार्थ्यांना जाणवू लागला आणि तो हळूहळू वाढत गेला’ असे होते, आणि ‘दडपण’ घातले तर ‘हे दडपण जाणवू लागले आणि ते वाढत गेले’. त्याच वाक्यातले दर्शक सर्वनाम आणि क्रियापद बहुतेक जण सुधारतात. पुढच्या वाक्यातली ‘ती’ मात्र तशीच राहते, आणि वाचक कोण ती म्हणून मागे शोधत बसतो. म्हणून बदल केल्यावर निदान पुढची दोन वाक्ये तपासावीत.

‘ने’ किंवा ‘नी’ लागलेला कर्ता असलेल्या भूतकाळी वाक्यात विशेष जपावे, कारण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते : ‘सदस्यांनी ही गोष्ट स्वीकारली’, पण ‘सदस्यांनी हा बदल स्वीकारला’. प्रत्यय लागताना ‘अडथळा’चे ‘अडथळ्यामुळे’ होते, ‘वाढ’चे ‘वाढीमुळे’, आणि ‘चूक’, ‘भूक’, ‘उणीव’ यांतले दीर्घ अक्षर ऱ्हस्व होऊन ‘चुकीमुळे’, ‘भुकेमुळे’, ‘उणिवेमुळे’ अशी रूपे होतात.

## एक परिच्छेद सुरुवातीपासून शेवटपर्यंत

रात्री अभ्यास करावा का, या विषयावरील निबंधातला हा परिच्छेद पाहा :

‘रात्री अभ्यास करण्याचे अनेक पैलू आहेत. काही गोष्टी विद्यार्थ्यांना फायदेशीर वाटतात, पण काही बाबी त्यांच्यावर विपरीत परिणाम करतात. घरातील वातावरण हाही एक महत्त्वाचा घटक आहे. या सर्व गोष्टींचा विचार करता योग्य प्रकारे नियोजन करणे ही गोष्ट गरजेची आहे.’

‘वातावरण’ धरून यादीतले शब्द या चार वाक्यांत आठ जागी आहेत, म्हणजे परिच्छेद नव्याने लिहायचा आहे. आधी गाळणी. शेवटची ‘ही गोष्ट’ जाते. ‘या सर्व गोष्टींचा विचार करता’ हेही जाते, कारण विचार पुढच्या वाक्यात दिसायला हवा. ‘योग्य प्रकारे’ निघते, कारण अयोग्य प्रकारे नियोजन करा असे कुणीच सांगणार नाही.

मग समासातली उत्तरे. अनेक पैलू कोणते? दोनच निघाले, म्हणून ते वाक्य रद्द. फायदेशीर काय? ‘रात्री घरात कुणी बोलत नसते.’ विपरीत परिणाम कशाचा? ‘एक वाजता झोपलो आणि सहाला उठलो की वर्गात डुलकी लागते.’ वातावरण म्हणजे? ‘धाकटी भावंडे दिवसभर खेळतात आणि वेगळी खोली नाही.’ नियोजन कसले? येथे बराच वेळ उत्तर आले नाही, आणि मग आले : ‘पाठांतराला शांतता लागते. गणिते सोडवायला तेवढी लागत नाही.’ संपूर्ण परिच्छेदातला खरा विचार हाच होता, आणि तो ‘योग्य प्रकारे नियोजन’ या शब्दांखाली दबलेला होता.

नवा परिच्छेद असा झाला :

‘रात्री घर शांत असते, म्हणून अनेक विद्यार्थी त्या वेळी अभ्यासाला बसतात. ही शांतता झोपेच्या बदल्यात मिळते : एक वाजता झोपून सहा वाजता उठणाऱ्याला पाच तासांचीच झोप मिळते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला डुलक्या येतात. धाकट्या भावंडांच्या गोंगाटामुळे आणि स्वतंत्र खोली नसल्यामुळे ज्यांना दिवसा वाचता येत नाही, त्यांना ही अपुरी झोप टाळणे अवघड जाते. अशा विद्यार्थ्यांनी केवळ पाठांतर रात्रीसाठी राखावे आणि गणिते दिवसा सोडवावीत, म्हणजे जागरणाचे तास कमी होतील.’

परिच्छेद लांबला आहे, आणि ते साहजिक आहे. शब्दमर्यादा असेल तर निबंधातला दुसरा एखादा पोकळ परिच्छेद काढून जागा करावी. नेमकी नामे पुन्हा आवळून ‘गोष्टी’ करू नयेत. ‘ही शांतता’ आणि ‘ही अपुरी झोप’ या जोड्यांकडेही पाहावे. जिथे पूर्वी ‘या गोष्टी’ आले असते, तिथे आता मागच्या वाक्यातले नाम पुढे चालत आले आहे आणि वाक्ये त्यानेच बांधली गेली आहेत.

## टप्पा 7 : जे ठेवायचे ते ठेवणे

शेवटच्या वाचनात उरलेली वर्तुळे पाहावीत, कारण काही जागी हेच शब्द बरोबर असतात. आजीने सांगितलेली गोष्ट ही कथा आहे. हिशेबातली खर्चाची बाब, अभ्यासक्रमातला तिसरा घटक, हिऱ्याचा पैलू, सभेपुढे मांडलेला मुद्दा ही नेमकी नामेच आहेत. ‘ती गोष्ट वेगळी’ हा रुळलेला वाक्प्रयोग आहे आणि तो मोडल्यास वाक्य कृत्रिम होते. एखाद्याचे बोलणे अवतरणात दिले असेल तर त्यातली ‘गोष्ट’ त्याची आहे. तिला हात लावू नये.

एक जागा यापेक्षा अवघड आहे. ‘माणूस ज्या गोष्टीला घाबरतो, तिच्याबद्दल बोलणे टाळतो’ या वाक्यात वस्तू मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे अंधार, आजार किंवा परीक्षा यांपैकी काहीही बसू शकते, आणि विधान सर्वांना लागू आहे. येथे टप्पा 5 मधले दोन प्रश्न विचारावेत. कोणतेही अधिक नेमके नाम विधानाला अरुंद करत असेल, तर ‘गोष्ट’ राहू द्यावी.